दहा कंदील

जव्हारच्या एसटी डेपोकडून बाजाराच्या दिशेनं निघालात की डाव्या हाताला बचत गटांच्या बायांचं दुकान लागतं. पाटीवरची अक्षरं उन्हानं कधीच उडालीत, पण दुकान हुकायचं नाही, कारण दारात सुपं आणि टोपल्या लटकलेल्या असतात आणि आत रंजना असते. बुटकी, सावळी, चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा सगळ्या दुकानात शोधणारी. तिला कोणी मॅनेजर म्हणालं तर ती त्याच्याकडे असं बघते की माणूस पुन्हा म्हणायच्या भानगडीत पडत नाही. "मी माल बघते," एवढंच ती सांगते.

माल बघते म्हणजे काय, ते मात्र सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. दुकानात काय ठेवायचं, किती ठेवायचं, संपत आलं की पुन्हा कधी मागवायचं, हे सगळं रंजनाच्या डोक्यावर. रोजच्या मालाचं सोपं असतं. नाचणीचं पीठ गेल्या महिन्यात किती गेलं ते ठाऊक असतं, या महिन्यातही साधारण तेवढंच जातं. पण एखादी बाई काहीतरी नवंच करून आणते, जे आजवर दुकानात कधी विकलंच नाही, तेव्हा काय करायचं? विकलंच नाही त्याचा मागचा हिशोब आणायचा कुठून?

यात रंजनाचे हात एकदा चांगलेच पोळले होते. दुकानात ती नवी होती. जामसरच्या बायांनी नाचणीची बिस्किटं केली. चव फक्कड. रंजनानं एक घास खाल्ला आणि टेम्पोभर बनवायला सांगितली. जामसर म्हणजे तिचं सासर, बायाही शेजारपाजारच्या, मग काय विचारता. दोन महिन्यांत बिस्किटांना अळ्या लागल्या आणि ती शेळ्यांपुढे टाकावी लागली. रंजनाच्या आधी जी बाई माल बघायची, तिनंही आपल्याच नातेवाइकांचा माल भरला म्हणून तिला काढलं होतं. तेव्हा सगळ्या रंजनाकडे कशा नजरेनं बघू लागल्या, ते ती अजून विसरलेली नाही. गटांच्या अध्यक्ष सकूमावशी, मोखाड्याकडच्या, केस पांढरे झालेल्या, बोलायला रोखठोक. त्यासुद्धा तेव्हा काही बोलल्या नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून रंजनानं स्वतःला एक वळण लावून घेतलं. नवी वस्तू आली की तिची भावंडं शोधायची. भावंडं म्हणजे दुकानात आधीपासून असलेली, तिच्यासारखी वस्तू. पण दिसायला सारखी नव्हे बरं का. ज्याच्या हातात ती जाणार, तो माणूस तोच हवा, किंमत आसपासची हवी, घेण्याचं कारण तेच हवं. मग त्या भावंडाचा आजचा खप बघायचा नाही. ते स्वतः नवं होतं तेव्हा पहिल्या महिन्यात किती गेलं होतं ते बघायचं. त्यातून थोडं कमी-जास्त करून पहिली मागणी छोटीच द्यायची, आणि निम्मा माल गेला की लगेच पुढची. आणि मागणी देताना करणाऱ्या बाईला एक प्रश्न हमखास विचारायचा: "पुन्हा मागितलं तर किती दिवसांत देशील?" कारण छोटी मागणी तेव्हाच शहाणपणाची, जेव्हा दुसरी लवकर येते. नाहीतर फळी रिकामी आणि गिऱ्हाईक परत.

हा प्रश्न तिनं कोणाला विचारला नाही असं झालं नाही. दुकानाचा हिशोब बघणारी गोदा घरून पापड आणायची, तिला विचारला, काउंटरवर बसणारी जयवंती लोणचं आणायची, तिलाही विचारला, आवळ्याची सुपारी करणाऱ्या म्हातारीला विचारला, तिला ऐकू यायचं नाही तर तिच्या कानाशी ओरडून विचारला. पाड्यापाड्यांत बाया एकमेकींना आधीच सांगून ठेवायच्या, "रंजनाबाय ते विचारल बघ, उत्तर तयार ठेव."

फक्त एकाला विचारला नाही. तिच्या भावाला.

उमेश तिच्याहून बराच लहान. मोखाड्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत त्यांचं माहेरचं घर, तिथं तो, त्याची बायको योगिता आणि पहिलीत जाणारी पोर रुपी. भात आणि नाचणी घरापुरती व्हायची. दिवाळी झाली की पाड्यातले निम्मे लोक वीटभट्ट्यांवर जायचे, तसे हेही जायचे, थेट आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. बाप बांबूचं काम करायचा, तो हात उमेशला आला होता. नुसता आला नव्हता, जरा जास्तच आला होता. बाप टोपल्या विणायचा. उमेशची कामटी, म्हणजे बांबूची चिरलेली पट्टी, एवढी पातळ निघायची की तिच्यातून ऊन दिसायचं.

कोजागिरीच्या आधी एकदा उमेश दुकानात आला. हातात जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं ते टेबलावर ठेवून सोडलं, आणि काउंटरवर बसलेल्या जयवंतीनं हातातला चहा खाली ठेवला.

बांबूचा कंदील होता. दिवाळीपुरता लावतात तो आकाशकंदील नव्हे. आत बल्ब सोडायचा आणि बारा महिने घरात टांगायचा. आकार धान्याच्या कणगीसारखा, मधे फुगीर, वर निमुळता. विणीत बारीक भोकं सोडलेली. जयवंतीनं धावत जाऊन मागच्या खोलीतला बल्ब आणला, पेटवून आत सोडला, तर भिंतीवर उजेडाची जाळी पडली.

"कोणी शिकवलं रे?" रंजनानं विचारलं.

"कोणी नाय. गेल्या साली भट्टीवर सुट्टीच्या दिवशी करून बघला होता. तिथं कामट्या नीट मिळत नाय." मग तो म्हणाला, "बाय, योगिताचं म्हणणं हाय, साठ घेतलेस ना, तर अवंदा आम्ही भट्टीला जात नाय. रुपीची शाळा नाय बुडत."

साठ. उमेश आकडा असा बोलला जणू त्याचं त्यालाच हसू येत होतं. पण डोळे हसत नव्हते. रंजनानं ते पाहिलं. तिनं पाहिलं नाही असं मी म्हणणार नाही, तिनं स्वतःच नंतर कितीदा सांगितलंय.

"बघते," ती म्हणाली. "दोन दिवसांनी सांगते."

ते दोन दिवस रंजनाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. सकूमावशी त्या दिवशी जव्हारला आल्या होत्या. कंदील हातात फिरवत म्हणाल्या, "बांबूचं आपल्याकडं धडाधड जातं. टोपल्या बघ की. तीस तरी घे."

"टोपलीचा आणि ह्याचा काय संबंध, मावशी?" रंजना म्हणाली. "टोपली इथली बाई घेते, बाजाराच्या दिवशी, भाकरी ठेवायला. हा कंदील इथली बाई घेणार आहे का? हा घेणार नाशिकचा नाहीतर ठाण्याचा माणूस, शिरपामाळला फिरायला आलेला."

"मग दिवाळीचे कागदी कंदील बघ. ते तर पुरत नाहीत."

"ते दहा दिवस पुरत नाहीत, आणि अकराव्या दिवशी कोणी फुकट नेत नाही."

बरोबर बोलत होती हो. एक शब्द चूक नव्हता. तिनं भावंड निवडलं ते मातीचा दिवा. विक्रमगडकडचा एक कुंभार रंगवलेले, भोकाभोकांचे मातीचे दिवे करायचा, तेही बल्बवर ठेवायचे. गिऱ्हाईक तेच, फिरायला आलेलं. कारण तेच, घरी न्यायला काहीतरी शोभेचं. किंमत जवळपासची. हे दिवे दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीतच पहिल्यांदा ठेवले होते, तेव्हा जव्हारचं दुकान आणि शिरपामाळला गटांनी टाकलेली टपरी मिळून पहिल्या महिन्यात चौदा गेले होते. आता महिन्याला तीस जातात, पण ते आता. कंदील दिव्याहून महाग, म्हणून थोडे कमी धरायचे. मोटारसायकलवर आलेल्याच्या पिशवीत मावायचा नाही, आणखी थोडे कमी. वाटेत फुटत नाही, म्हणून एखाददुसरा वाढवायचा. दोन्ही ठिकाणी एकेक पेटता टांगलेला हवाच, कारण न पेटलेला कंदील म्हणजे नुसती उलटी टोपली. सगळी बेरीज-वजाबाकी करून ती दहावर आली.

दहा. पाच गेले की पुढच्या दहाची मागणी.

हिशोबात पक्क्या गोदानंसुद्धा मान डोलावली. दहा हे बरोबरच होतं. आणि अजून एक गोष्ट होती, ती रंजना कोणाला बोलली नाही. भावाचा माल होता. दहाच्या जागी पंधरा लिहायला तिचा हात गेला असता तरी तिनं तो मागे घेतला असता. बिस्किटांच्या वेळची ती नजर तिला पुन्हा नको होती.

फोनवर तिनं उमेशला सांगितलं, "दहा कर. भाऊबीजेपर्यंत आण. संपत आले की लगेच पुन्हा मागते, अजिबात खंड पडू देत नाही."

तो म्हणाला, "बरं, बाय."

इथं तो प्रश्न विचारायचा होता. पुन्हा मागितलं तर किती दिवसांत देशील? ओठांवर आला होता. गोदाला विचारला, जयवंतीला विचारला, बहिऱ्या म्हातारीच्या कानात ओरडून विचारला, तो इथं गिळला. का गिळला? कारण उत्तर तिला माहीत होतं असं तिला वाटलं. तो म्हणणार, मी तर भट्टीवर असणार, बाय. आणि तो तसं म्हणाला असता की मग काहीतरी करायला लागलं असतं, दहाचे वीस करायला लागले असते, आणि ते भावासाठी केलं असं झालं असतं. त्यापेक्षा न विचारलेलं बरं. माणूस स्वतःच्याच घरच्यांशी असा वागतो कधी कधी. परक्याला जे हक्कानं विचारतो ते आपल्या माणसाला विचारत नाही.

भाऊबीजेला उमेश जामसरला आला. मोटारसायकलच्या मागे दहा कंदील दोरीनं असे बांधलेले की समोरून माणूस दिसत नव्हता, नुसते कंदील येत होते. रंजनाच्या नवऱ्यानं, हेमंतनं, सगळे उतरवून घेतले. एकूण एक सारखे, एकातही वाकडी कामटी नाही. रंजनानं पाट मांडला, भावाला ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली. जेवताना हेमंतनं सहज विचारलं, "यंदा मग इथंच का?"

"बघू," उमेश म्हणाला आणि भाताकडे बघत राहिला.

रंजनानं त्याच्या ताटात आणखी एक वडा वाढला. तिनंही काही विचारलं नाही. त्याच्या पाड्यावर भट्टीवर माणसं नेणारा माघ्या मुकादम येऊन गेला होता, हे तिला सकाळीच कोणीतरी सांगितलं होतं. तरी तिनं मनाची समजूत घातली की आला असेल, दरसाल येतो, म्हणून काय उमेशनं होकार दिलाच असेल असं थोडंच आहे.

दिला होता. तीन दिवसांनी ते गेले. योगिता, उमेश आणि रुपी, ट्रकच्या मागच्या भागात भांड्यांच्या गोण्यांसोबत. भिवंडीकडे.

आणि कंदील चालले. कसे चालले म्हणता! शिरपामाळच्या टपरीवर सुट्टीत जयवंती बसायची, तिनं पहिल्याच शनिवारी संध्याकाळी फोन केला, "बाय, इथं एकच उरला, तोही पेटता." जव्हारच्या दुकानातले नाशिकच्या एका कुटुंबानं जाता जाता दोन नेले, आणि मंगळवारी त्याच कुटुंबातल्या बाईच्या बहिणीचा फोन आला की आमच्यासाठी चार ठेवा. मातीच्या दिव्यासारखा हा नव्हता. दिवा घरात कोपऱ्यात बसतो, कंदील गॅलरीत टांगतात, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतो. हे रंजनाला आधी कळण्याजोगं नव्हतं, कोणालाच नव्हतं. म्हणून तर पहिली मागणी छोटी असते, कळावं म्हणून. ती कळायची पायरी नीट पार पडली होती. आता फक्त दुसरी मागणी द्यायची होती.

पाच गेले त्याच दिवशी तिनं उमेशला फोन लावला. बंद. योगिताचा बंद. तिसऱ्या दिवशीही तेच. जव्हारच्या बाहेर राहायची सोय असलेलं एक नवं हॉटेल होतं, त्याचा मालक स्वतः आला आणि प्रत्येक खोलीसाठी एक असे पंधरा मागू लागला. रंजनानं त्याला सांगितलं, आखाजीनंतर, भाऊ भट्टीवरून आला की. तो म्हणाला, "तोवर माझा सीझन संपलेला असतो, ताई." आणि गेला.

दुसरा कोणी विणेल का, हे तिनं बघितलंच. दोन पाड्यांत जुने हात होते. त्यांनी प्रयत्न करून पाहिला. टोपली होत होती, कंदील होत नव्हता.

शेवटी माघ्या मुकादमाचा नंबर मिळवला. त्यानं उमेशला फोन दिला. मागे कसलं तरी यंत्र धडधडत होतं, त्यामुळे दोघंही ओरडून बोलत होते.

"सगळे गेले रे, उम्या! वीस पाहिजेत. पंचवीस दे. जेवढे देशील तेवढे घेते!"

तो हसला. ती सांगते, किती दिवसांनी तो असा हसला होता, लहानपणी ओढ्यावर खेकडा सापडला की हसायचा तसा. "येतो बाय. चार दिवस सुट्टी काढतो. येतो म्हणजे येतोच."

ती खूष झाली. दुकानात येऊन तिनं सगळ्यांना सांगितलं, येतायत कंदील. गोदानं हॉटेलवाल्याला फोनसुद्धा केला.

सुट्टी अशी कोणी देत नाही. उमेश विटा थापायचा, योगिता मदतीला. माती कालवायच्या यंत्रावरचा माणूस पळून गेला होता. मुकादम म्हणाला, आठवडाभर यंत्र सांभाळ, मग जा चार दिवस. उमेशनं ते काम कधी केलं नव्हतं. मातीत दगड आला की यंत्र अडकतं, तो दगड काढायला त्यानं हात घातला. उजवा हात. यंत्र बंद आहे असं त्याला वाटलं होतं.

तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

योगिताचा फोन आला तेव्हा रंजना फळीवरच्या बरण्या पुसत होती. ती हातातलं फडकं घेऊनच एसटीत बसली. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात उमेशला झोपवलं होतं, हात एवढा मोठा गुंडाळलेला. रुपी त्याच्या पायाशी बसून बिस्किट खात होती. रंजनाला पाहून तो म्हणाला, "बाय, तुझे कंदील राहिले."

त्यानं ते सहज म्हटलं. वाईट वाटावं म्हणून नाही. तेच तिला अजून सहन होत नाही.

नंतर सकूमावशी दुकानात आल्या, बाकावर बसल्या, आणि म्हणाल्या, "तुझं चुकलं असं कोण म्हणणार नाय. दहा हाच आकडा होता. मी तीस म्हणाले ते उगा तोंडाला येईल ते." त्यांना धीर द्यायचा होता. रंजनानं मान हलवली आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून रडली. आकडा बरोबर होता, तेच तर. चुकलेला आकडा माणूस पुढच्या वेळी दुरुस्त करतो. बरोबर आकड्याचं काय करायचं?

होळीनंतर ती माहेरी गेली. दुकानात टांगलेला एक कंदील शिल्लक होता, नमुन्याचा. कितीतरी जणांनी मागितला, तिनं दिला नाही. तो तिनं सोबत घेतला, का ते तिला सांगता आलं नसतं. परत करायचा म्हणून, की घरात लावायचा म्हणून.

योगिता दारात तांदूळ निवडत होती. ती उठली, पाणी आणलं. रागावलेली नव्हती, पण पूर्वीसारखी बिलगलीही नाही. उमेश आत चुलीजवळ बसला होता. डाव्या हातात सुरी धरून काटकी तासायचा प्रयत्न चालला होता, काटकी मांडीखाली दाबून. बहिणीला पाहून त्यानं सुरी बाजूला ठेवली, चोरी पकडली गेल्यासारखी.

"हा का आणलास?" त्यानं कंदिलाकडे बघून विचारलं. "विकायचा होतास."

"नाही विकला."

ती बसली. कंदील कुठं टांगावा म्हणून ती वर बघू लागली, आणि तिला चुलीवरचा माळा दिसला. धुरानं काळ्या झालेल्या वाशांवर कामट्यांच्या जुड्या रचलेल्या होत्या. एक नाही, दोन नाही, वाशांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळ्या एका मापाच्या, एकसारख्या चिरलेल्या, पळसाच्या सालीनं बांधलेल्या. धुरात ठेवल्या की त्यांना कीड लागत नाही, हे तिला बापाच्या वेळेपासून ठाऊक होतं.

"हे कधीचं रे?"

"दिवाळीच्या आधीचं. कोजागिरीपासून अंधाऱ्या पंधरवड्यात तोडला बांबू. तेव्हा तोडलेला घुणत नाय ना." त्यानंही वर पाहिलं. "तू म्हणालीस ना, संपले का लगेच मागते. म्हणून सगळ्या चिरून ठेवल्या. पन्नास कंदिलांच्या असतील. योगिता म्हणं कशाला एवढ्या, दहाच सांगितलेत. मी म्हटलं, बाय मागल."

रंजना जुड्यांकडेच बघत म्हणाली, "पण मग तू गेलास कशाला?"

"तेरा दिवस लागले ते दहा करायला, कारण बांबू आणण्यापास्नं सगळं होतं. तुला वाटलं असल दरवेळी तेवढेच लागतील. पुढच्यांना नुसतं भिजवायचं नि विणायचं होतं." "पुढचे दहा दोन दिवसात दिले असते मी. भट्टीला जायच्या आधीच दिले असते. तुझा फोन येतो का म्हणून मी वाट बघली. ऐकलं होतं तू सगळ्यांना विचारतेस, पुन्हा मागितलं तर किती दिवसात देशील. मी उत्तर तयार ठेवलं होतं, बाय. दोन दिवसात म्हणून. दोन दिवसात म्हटलं असतं तर तू थोडे अजून घेतले असतेस, नाय?"

बाहेर योगिताच्या सुपाचा आवाज थांबला होता. ती ऐकत होती.

"घेतले असते," रंजना म्हणाली.

"मला वाटलं, तू विचारत नाय म्हणजे तुला नकोच हायत. भाऊ म्हणून तेवढे दहा घेतलेस."

रंजनाला सांगायचं होतं की उलट होतं, भाऊ म्हणून दहाच घेतले, परका असतास तर विचारलं असतं, परका असतास तर घरी राहिला असतास. त्याऐवजी ती उठली, माळ्यावरून एक जुडी काढली, तिची गाठ सोडली. कामट्या कोरड्या, हलक्या, सोनेरी. एक उजेडाकडे धरली तर पलीकडचं ऊन दिसलं.

ती तशीच भावासमोर बसली. कामटी त्याच्या डाव्या हातात दिली, एक आपल्या हातात घेतली, आणि तो सांगेल तशी विणायला लागली. तिची वीण सैल पडत होती. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "ओढ, बाय. अजून ओढ." संध्याकाळपर्यंत दोघांच्या तीन हातांनी एक तळ झाला, वाकडा. त्यानं तो फिरवून पाहिला आणि बाजूला ठेवला.

"हा नाय विकला जायचा," तो म्हणाला.

"नाही जायचा," ती म्हणाली, आणि दुसरी कामटी पाण्यात टाकली.